हमाल एक, साहेब दोन: उताऱ्यातलं तत्त्व कसं ओळखायचं

बारावी कॉमर्सच्या पोरांना फेयॉलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं तोंडपाठ असतात. मधूनच विचारलं, सहावं कोणतं, तरी धडाधड सांगतात. पण पेपरात आठ-दहा ओळींचा उतारा येतो आणि खाली प्रश्न असतो की इथे कोणत्या तत्त्वाचा भंग झाला. तिथे तीच पोरं अडकतात. कारण उताऱ्यात तत्त्वाचं नाव कुठेच नसतं. माणसं असतात, त्यांचं काहीतरी बिनसलेलं असतं, आणि आपल्याला रोगाचं नाव सांगायचं असतं.

यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या गावी मी हा विषय शिकवतो. पुस्तकातले उतारे बहुतेक मोबाईल कंपन्यांचे नाहीतर मोठ्या शहरातल्या दुकानांचे असतात, म्हणून मी आमच्याच जिनिंगवरून एक रचला. वर्गातल्या निम्म्या पोरांचं कोणी ना कोणी तिथे हंगामात कामाला असतं. तो असा:

"एका जिनिंग फॅक्टरीत दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. गाडी रिकामी करणाऱ्या हमालांना ग्रेडरने सांगितलं आहे की ओलावा जास्त असलेला कापूस वेगळ्या गंजीवर टाकायचा. काट्यावरचे बाबू त्याच हमालांना सांगतात की गाडी जिथे उभी आहे तिथेच रिकामी करा, बाहेर रांग वाढते आहे. एका दुपारी हमालांनी ओला कापूस कोरड्या गंजीवर ओतला. चार दिवसांनी गंजी आतून गरम झाली आणि रुई पिवळी पडली. मॅनेजरने विचारलं तेव्हा हमाल म्हणाले, आम्ही कोणाचं ऐकायचं?"

प्रश्न: व्यवस्थापनाच्या कोणत्या तत्त्वाचा भंग झाला आहे?

मागच्या बाकावरून पहिलं उत्तर आलं, "शिस्त, सर. हमालानं ओला कापूस कोरड्यावर टाकला, थे बेशिस्तच झाली न?" दुसऱ्याने श्रमविभागणी म्हटलं, कारण ग्रेडर वेगळा, काटा वेगळा, हमाल वेगळा. तिसरा म्हणाला, अधिकार आणि जबाबदारी. तिघांनीही उतारा वाचला होता. पण प्रत्येकाने त्यातला एक शब्द उचलला आणि तो ज्या तत्त्वाशी जुळला तिथेच थांबला. सगळ्यात जास्त मार्क याच सवयीने जातात.

तेवढ्यात एक मुलगी बोलली. तिचे बाबा त्याच कामावर असतात. "काटेवाल्यानं सांगितलं तं तो काय करन, सर? माह्या बाबाले रोजच दोघं जण दोन गोष्टी सांगतात." तिला तत्त्वाचं नाव आठवत नव्हतं, पण उत्तर तिच्याचकडे होतं.

तत्त्व आहे आदेशाच्या एकवाक्यतेचं. कामगाराला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळाला पाहिजे आणि त्याने जाबही त्या एकालाच द्यायचा. काही पुस्तकांत याला आज्ञेची एकता म्हणतात. तुमच्या पुस्तकात जे नाव छापलंय तेच पेपरात लिहा, नावात स्वतःची कलाकारी करू नका.

आता बाकीची उत्तरं का चुकली ते बघू, कारण खरा अभ्यास तिथेच होतो.

शिस्तीचा भंग म्हणायचा तर नियम ठरलेला आणि माहीत असावा लागतो, आणि तरीही माणसाने तो मोडलेला असावा लागतो. उशिरा येणं, कबूल केलेलं काम न करणं, मालकाने कबूल केलेला बोनस न देणं, हे सगळं शिस्तीत येतं. (हो, मालकही शिस्त मोडतो. फेयॉलच्या शिस्तीत दोन्ही बाजूंचा करार धरलेला आहे, हे बरेच जण विसरतात.) आपल्या हमालाने मात्र हुकूम मोडलाच नाही. त्याने एक पाळला म्हणून दुसरा मोडला गेला. काट्यावरच्या बाबूचं ऐकलं नसतं तरी तो कोणाच्या तरी लेखी बेशिस्तच ठरला असता. दोन्ही बाजूंनी वागून माणूस चुकीचाच ठरत असेल, तर दोष त्या माणसाचा नसतो, तो ज्या मांडणीत उभा आहे तिचा असतो. उताऱ्यात शिस्त शोधण्याआधी हे तपासून घ्या.

श्रमविभागणी तर तिथे नीटच आहे. ज्याचं त्याचं काम वाटलेलं आहे. भंग विचारलाय आणि आपण पाळल्या गेलेल्या तत्त्वाचं नाव लिहितो, ही दुसरी नेहमीची चूक. प्रश्नाचा शेवटचा शब्द दोनदा वाचा, 'पालन' आहे की 'भंग'.

अधिकार आणि जबाबदारी हे उत्तर थोडं जवळ येतं, पण तिथे खूण वेगळी असते. त्यात माणसाकडे काम सोपवलेलं असतं आणि ते पार पाडायला लागणारा अधिकार दिलेला नसतो. समजा, उताऱ्यात लिहिलं असतं की ओला कापूस आत येऊ नये याची जबाबदारी ग्रेडरची आहे, पण गाडी परत पाठवण्याचा अधिकार त्याला नाही. मग ते उत्तर बरोबर ठरलं असतं. एक वाक्य बदललं की तत्त्व बदलतं.

म्हणून मी पोरांना रफ पानावर बाण काढायला लावतो. प्रत्येक माणूस म्हणजे एक टिंब. ज्याने हुकूम दिला त्याच्यापासून ज्याला दिला त्याच्यापर्यंत बाण. आपल्या उताऱ्यात ग्रेडरकडून एक बाण हमालाकडे येतो, बाबूंकडून दुसरा. एका टिंबावर दोन बाण येऊन आदळले आणि ते एकमेकांशी जुळत नसले, की आदेशाची एकवाक्यता. 'कोणाचं ऐकू', 'गोंधळ उडाला', 'एकाने हे सांगितलं, दुसऱ्याने ते' असले शब्द दिसले की बाण मोजायला घ्या. शब्द फक्त इशारा देतात, उत्तर बाण देतात.

ही भानगड कशी उभी राहते तेही माहीत असलं तर उतारा लवकर उलगडतो. आंरी फेयॉल हा फ्रान्सचा खाण अभियंता. १८६० मध्ये एका खाण कंपनीत लागला, १८८८ मध्ये ती बुडायला आली असताना तिचा प्रमुख झाला आणि १९१८ पर्यंत त्या जागी राहिला. त्याचं लिखाण १९१६ मध्ये छापलं गेलं. आयुष्य कोळशाच्या खाणीत आणि पोलादाच्या भट्ट्यांवर गेल्यामुळे त्याला दोन साहेबांची डोकेदुखी पुस्तकातून कळलेली नव्हती. त्याने तिची जी कारणं दिली, त्यातली दोन आमच्याकडे रोज दिसतात.

एक म्हणजे भावाभावांची मालकी. दोघांनी मिळून जिन टाकलेली असते. कोणी काय बघायचं हे ठरवायला दोघांनाही जड जातं, घरातलं नातं असतं ना. मग दोघेही सगळंच बघतात. सकाळी थोरला सांगून जातो, दुपारी धाकटा येऊन वेगळं सांगतो, आणि मुकादम मध्ये सापडतो. उताऱ्यात दोन भागीदार किंवा दोन भाऊ आले आणि कामाची वाटणी लिहिलेली नसली, तर तिथे कान टवकारा.

दुसरं कारण म्हणजे वरचा साहेब मधल्याला डावलून थेट खालच्याला सांगतो. घाई असते, किंवा त्याला वाटतं की मधल्याला समजावण्यापेक्षा आपणच सांगावं. इथे परीक्षार्थीला खरा चकवा बसतो, कारण हे अधिकार साखळीसारखंही दिसतं. अधिकार साखळी म्हणजे वरपासून खालपर्यंत हुकूम आणि माहिती पायरी पायरीने जाणं. मालकाने मॅनेजरला वगळून थेट हमालाला सांगितलं तर साखळी तुटलीच की! मग उत्तर कोणतं?

इथे बाणाचं टोक कुठे दुखतंय ते बघायचं. मालकाने थेट सांगितलं, मॅनेजरने दुसरंच सांगितलं होतं आणि हमाल अडकला, असं असेल तर दुखणं हमालाकडे आहे. उत्तर आदेशाची एकवाक्यता. फेयॉलनेही थेट हुकमाचं हे उदाहरण याच तत्त्वाखाली दिलंय. पण उताऱ्यात गोंधळ नसून उशीर किंवा डावललं जाणं असेल, म्हणजे यंत्र बंद पडल्याचं फिटरने मुकादमाला सांगितलं, मुकादमाने सुपरवायझरला, सुपरवायझरने मॅनेजरला आणि तोवर पाळी संपली, तर ती साखळीची गोष्ट आहे. तिच्यावर फेयॉलनेच उपाय दिलाय. तातडीच्या वेळी एकाच पायरीवरचे दोघे आपसात थेट बोलू शकतात, वरिष्ठांना कळवून. त्याला गँग प्लँक म्हणतात. रफ पानावर तो आडवा, तुटक बाण असतो. उताऱ्यात 'जिनिंगचा सुपरवायझर प्रेसिंगच्या सुपरवायझरशी थेट बोलला' असं आलं, की आडवा बाण काढा, उत्तर समोर येतं.

आता सगळ्यात जास्त घोळ घालणारी जोडी घेतो. आदेशाची एकवाक्यता आणि निर्देशनाची एकवाक्यता. नावं इतकी सारखी की पोरं नाणं उडवून उत्तर लिहितात. उतारा तोच जिनिंगचा, पण पुढची गोष्ट:

"जिनिंगच्या मालकाने आता सरकीपासून तेल काढायचाही कारखाना त्याच आवारात सुरू केला. गाठी आणि तेल, दोन्हींची खरेदी, उत्पादन आणि विक्री एकच मॅनेजर बघतो आणि दोन्हींचं मिळून एकच नियोजन होतं. हंगामात सगळी माणसं गाठींच्या मागे लागतात आणि सरकी आवारात पडून राहते. हंगाम सरला की तेलाला गिऱ्हाईक असतं, पण माल नसतो. दोन्हींच्या खर्चाचा हिशेबही एकत्रच होतो, त्यामुळे कशात नफा आणि कशात तोटा ते कळत नाही."

कापूस ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच दिसतं. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि बाकी मुख्यतः सरकी. म्हणजे वजनाने बघितलं तर सरकीच जास्त. पण रुईची गाठ १७० किलोची बांधून ती सूतगिरणीकडे जाते, तिला धाग्याची लांबी आणि स्वच्छता महत्त्वाची. तेलाचं गिऱ्हाईक वेगळं, भाव वेगळा, हंगाम वेगळा. दोन वेगळी उद्दिष्टं एकाच योजनेत कोंबली, म्हणून दोन्ही बिघडली.

इथे बाण मोजून बघा. कामगाराला दोन हुकूम येतात असं कुठे लिहिलंय? कुठेच नाही. मॅनेजर एकच आहे, हुकूमही एकच. म्हणजे आदेशाची एकवाक्यता तर अगदी शाबूत आहे! तरी काम बिघडलं. भंग झालाय तो निर्देशनाच्या एकवाक्यतेचा. एकच उद्दिष्ट असलेल्या कामांच्या गटाला एक प्रमुख आणि एक योजना हवी, आणि उद्दिष्टं दोन असतील तर गटही दोन, योजनाही दोन. गाठींचा विभाग वेगळा, तेलाचा वेगळा, दोघांचा प्रमुख आणि आराखडा वेगळा, हा उपाय लिहायचा.

याचं उलटं रूपही विचारतात आणि ते जास्त फसवं असतं. उद्दिष्ट एकच असतं, पण योजना दोन असतात. समजा, एकाच जिनच्या खरेदीसाठी दोन गावांत दोन केंद्रं उघडली आणि दोघांनी आपापला भाव आणि आपापला ओलाव्याचा निकष ठरवला. हेतू एकच, चांगला कापूस वेळेत गोळा करणं. पण दोन डोकी, दोन आराखडे. शेतकरी सैल निकषाच्या केंद्राकडे पळतात, दुसरं ओस पडतं. फेयॉलने इथे दोन डोक्यांच्या धडाची उपमा दिली आहे.

जोडीतला फरक पोरांना मी असा विचारायला सांगतो: दुखतंय कोणाला? एका माणसाला दुखत असेल, त्याला कळत नसेल की कोणाचं ऐकू, तर आदेश. कोणा एका माणसाला त्रास नाही, पण अख्खं काम किंवा अख्खा विभाग भरकटलाय, तर निर्देशन. पहिलं माणसाचं, दुसरं कामाचं. फेयॉलचं म्हणणं असंही होतं की निर्देशनाची एकवाक्यता नसेल तर आदेशाची टिकत नाही, पण ती असली म्हणून दुसरी आपोआप येत नाही. म्हणून एकाच उताऱ्यात कधी दोन्ही बिघडलेली सापडतात. अशा वेळी प्रश्न काय विचारतोय बघा. 'कोणत्या दोन तत्त्वांचा' असं असेल तर दोन्ही लिहा, आणि प्रत्येकासाठी वेगळी ओळ उताऱ्यातून उचला.

निर्देशनाच्या उताऱ्यात 'वेगवेगळे विभाग' हे शब्द दिसले की पोरं परत श्रमविभागणीकडे धावतात. तिथे मात्र प्रश्न एका माणसाच्या कौशल्याचा असतो. रेच्यावरचा, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावरचा माणूस रोज रेच्यावरच बसतो म्हणून त्याचा हात बसतो, चुका कमी होतात, वेळ वाचतो. उताऱ्यात कौशल्य, सराव, त्याच माणसाला तेच काम असं आलं तर श्रमविभागणी. उद्दिष्ट, आराखडा, प्रमुख असं आलं तर नाही.

आणखी एक जागा आहे जिथे हुशार पोरंही फसतात. उताऱ्यात एका कामगारावर एक-दोन नाही, चांगले सात-आठ साहेब असतात. बाण मोजणारा पटकन लिहितो, आदेशाच्या एकवाक्यतेचा भंग. पण थांबा. अभ्यासक्रमात टेलरही आहे. फ्रेडरिक टेलरने कामगारावर मुद्दाम आठ फोरमन नेमायची पद्धत सुचवली होती. चार नियोजनाचे, चार प्रत्यक्ष उत्पादनाचे. एक वेग बघतो, एक दुरुस्ती, एक तपासणी, एक शिस्त, असे. त्याचं म्हणणं होतं की एकाच फोरमनला सगळं उत्तम येत नाही, म्हणून ज्याला जे येतं त्याने त्यापुरतंच सांगावं. फेयॉलला हे पटलं नाही आणि त्याने ते लिहूनही ठेवलं, कारण त्याच्या हिशेबी हा सरळ आदेशाच्या एकवाक्यतेचा भंगच. मग पेपरात काय लिहायचं? साहेब मुद्दाम, योजून नेमलेले असतील, प्रत्येकाचं क्षेत्र ठरलेलं असेल आणि प्रश्न 'तंत्र' विचारत असेल तर टेलरचं कार्यात्मक फोरमनशिप. साहेब ओघाने जमा झालेले असतील, त्यांची हद्द ठरलेली नसेल आणि प्रश्न 'तत्त्व' विचारत असेल तर फेयॉल. तंत्र आणि तत्त्व या एका शब्दावर अख्खं उत्तर फिरतं.

उत्तर लिहिताना नुसतं नाव लिहिलं तर अर्धेच मार्क मिळतात, असा माझा तपासतानाचा अनुभव. नाव, मग एका ओळीत अर्थ, मग उताऱ्यातलं नेमकं वाक्य, मग त्यामुळे काय झालं. त्यातलं तिसरं सगळे गाळतात. उताऱ्यातलं वाक्य अवतरणात जसंच्या तसं उतरवा. ते शोधताना कधी कळतं की आपण ठरवलेल्या तत्त्वाला उताऱ्यात आधारच नाही, आणि उत्तर खोडून दुसरं लिहायला अजून वेळ असतो.

त्या मुलीला मी घरी जाऊन तोच उतारा एक वाक्य बदलून आणायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने वही पुढे केली. सगळं तसंच होतं, फक्त बाबूंचं वाक्य असं केलं होतं: "काट्यावरचे बाबू ग्रेडरला म्हणाले की बाहेर रांग वाढते आहे, आणि ग्रेडरने हमालांना सांगितलं की आज ओल्याची गंजी काट्याजवळच लावा." शेजारी तीन टिंबं काढली होती. बाबूंचा बाण ग्रेडरकडे आडवा, तुटक, आणि हमालावर फक्त एकच, तोही ग्रेडरचा.

"आता नाव काय लिवू, सर?" तिने विचारलं. "भंग तं कशाचाच नाई राहिला."